टीबी निघालाय, घरच्यांना कळवायचंय: कुणाला काय लिहायचं

शुगर किंवा बीपी निघालं तर कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात असतं. फुफ्फुसाच्या टीबीत तसं नसतं. तुमच्याबरोबर एका छपराखाली झोपणाऱ्यांची तपासणी व्हावी लागते, म्हणून काही जणांना आजाराचं नाव कळणं त्यांच्याच तब्येतीसाठी गरजेचं असतं. उलट बाकीच्या पन्नास नातेवाइकांना ते कळून कुणाचंच काही भलं होत नाही. कोल्हापुरात तर गल्लीत, तालमीत, भावकीत बातमी फिरायला एक संध्याकाळ पुरते. एखाद्या मुलीचं लग्न ठरायचं असेल तर या दोन अक्षरांचा त्रास किती होतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हा लेख फक्त एवढ्याच प्रसंगापुरता: टीबीचा रिपोर्ट हातात आहे आणि घरच्यांना मेसेज लिहायचा आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर धरू. हे कुठलं एक खरं घर नाही, अनेक घरांत दिसलेल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. उचगावात दोन खोल्या. तिशीतला तरुण, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. घरात बायको, तीन वर्षांची मुलगी, आई आणि आप्पा. आईला शुगर आहे. थोरला भाऊ पुण्यात. गणपतीत वहिनी आणि दोन पोरांसह येऊन चार रात्री राहून गेला. बहीण इचलकरंजीत दिलेली, तिचं बाळ दीड वर्षाचं; गणपतीत ती दर्शनाला तासभर येऊन गेली. मामा गडहिंग्लजला. गणपती होऊन महिना झालाय, दिवाळी चार आठवड्यांवर आली आहे. तरुणाला महिनाभर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. बेडका तपासला आणि टीबी निघाला.

आधी तीन गोष्टी कळू द्या, मग लिहायला बसा

रिपोर्ट हातात पडला की लगेच फोन काढावासा वाटतो. थांबा. तीन उत्तरं मिळेपर्यंत लिहिलेला मेसेज घरच्यांना शांत करू शकत नाही, कारण तो तुमच्याच मनात पुरा झालेला नसतो.

पहिलं उत्तर, टीबी कुठला आहे. फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेत जातो. गाठीचा, हाडाचा किंवा पोटाचा असेल आणि फुफ्फुसात काही नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. मग मेसेजमधला तपासणीचा भाग डॉक्टरांना विचारूनच लिहायचा. दुसरं उत्तर, नेहमीची औषधं लागू पडणार का. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी होते तेव्हा टीबीचे जंतू आहेत का हे कळतंच, शिवाय रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देणार का हेही कळतं. दाद देणारे असतील तर साधारण 6 महिन्यांचा कोर्स असतो. देणारे नसतील तर औषधं आणि मुदत दोन्ही बदलतात, म्हणून त्या वेळी मेसेजमध्ये महिन्यांचा आकडा लिहायचाच नाही. तिसरं उत्तर, गोळ्या कधी सुरू होणार.

जमलं तर पहिली गोळी घेतल्यावर मेसेज पाठवा. ‘टीबी निघालाय’ आणि ‘टीबी निघालाय, गोळ्या आजपासून सुरू झाल्या’ या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. पहिलं वाचणारा ‘आता काय?’ इथं अडकतो. दुसऱ्यात त्याचं उत्तर आलेलं असतं.

मात्र याच कारणानं फार दिवसही काढू नका. 2012 पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडं करणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, खासगी दवाखान्यालाही. नोंद झाली की आरोग्य कर्मचारी फोन करतात, घरी येतात, घरातल्यांची चौकशी करतात. ते दारात उभे राहायच्या आधी घरच्यांना तुमच्याकडून कळलेलं असलं पाहिजे. दवाखान्यातच सांगून ठेवा: ‘येण्याआधी मला फोन करा, दारात आजाराचं नाव घेऊ नका.’ ही मागणी रास्त आहे.

याद्या करा, पण नात्यावरून नको

सख्खा म्हणून सगळं आणि चुलत म्हणून थोडं, अशी वाटणी इथं चालत नाही. कागदावर नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट बघा: गेल्या 3 महिन्यांत हा माणूस माझ्याबरोबर एका बंद जागेत एखादी तरी रात्र झोपला आहे का, किंवा रोज बराच वेळ माझ्याजवळ बसत होता का? उत्तर हो असेल तर त्याला नाव, तपासणी आणि तारीख, सगळं कळलं पाहिजे. नाही असेल तर किती सांगायचं ते तुमच्या मनावर.

आपल्या घरात ही यादी कशी पडते बघा. बायको, मुलगी, आई, आप्पा पहिल्या यादीत. पुण्याचा भाऊही पहिल्याच यादीत, कारण गणपतीत त्याची चौघं त्याच दोन खोल्यांत झोपली होती. बहीण सख्खी असली तरी तासभरच आली होती, म्हणून ती दुसऱ्या यादीत. तिला नाव सांगायचं ते मायेपोटी, तपासणीसाठी नव्हे. (तिला स्वतःला खोकला-ताप असेल तर गोष्ट वेगळी.) मामा तिसऱ्या यादीत, म्हणजे ज्यांना आजाराचं नाव सांगायची गरज नाही अशांत. आणि कारखान्यात शेजारच्या मशिनवर उभा राहणारा चुलतभाऊ? त्याचं उत्तर घरी बसून ठरवू नका, कामाच्या जागेचं वर्णन करून डॉक्टरांना विचारा.

घरातल्या घरात मेसेज नको, समोर बसून बोला. बायकोला शक्यतो टीबीची औषधं मिळतात त्या केंद्रावर सोबत न्या. तिला जे कळायला हवं ते इतर कुणालाच कळायची गरज नसते: गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. हे आईला सांगितलं तर ती रोज डोळे बघत बसेल. पुण्याला लिहिलं तर भाऊ दिवसातून तीनदा विचारेल.

काय लिहायचं नाही

रिपोर्टचा फोटो पाठवू नका. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. टीबी निघाला की एचआयव्ही आणि शुगर या दोन तपासण्याही केल्या जातात, आणि त्यांची नोंद बऱ्याचदा त्याच कागदांच्या गठ्ठ्यात असते. ‘दादा, रिपोर्ट पाठवतो’ म्हणून चार फोटो टाकले की त्यात काय काय गेलं हे तुम्हाला नंतर कळतं. एकदा बघून नाहीसा होणारा फोटो पाठवला तरी समोरचा दुसऱ्या फोनवर त्याचा फोटो काढू शकतो. भावाच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचंच असेल तर तेवढाच एक कागद काढा. एचआयव्हीचा निकाल काहीही असो, तो या मेसेजचा विषयच नाही. तो जोडीदाराशी बोलायचा विषय आहे, आणि त्यासाठी समुपदेशक मदत करतात.

‘कशामुळं झालं’ हेही लिहू नका. तुम्ही नाही लिहिलं तरी कुणीतरी विचारणारच, तंबाखूवर नाहीतर बाहेरच्या खाण्यावर बोट ठेवणारच. टीबीचे जंतू कुणाच्या तरी खोकल्यातून येतात आणि आजार उघड व्हायच्या आधी कितीतरी महिने, कधी वर्षंही, अंगात पडून असू शकतात. त्यामुळं ‘कुणाकडून आला’ याचं खात्रीचं उत्तर बहुतेकदा मिळत नाही. मेसेजमध्ये कारण घातलं की पुढचं सगळं बोलणं त्याच्यावर होतं आणि तपासणी बाजूला राहते.

आणि सुरुवात ‘घाबरू नका’ने करू नका. वाचणारा तिथंच घाबरतो, पुढचं अर्धवट वाचतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका. पहिल्या यादीतल्या माणसाला ‘छातीत जरा इन्फेक्शन आहे’ असं गुळमुळीत लिहू नका. इन्फेक्शन म्हटलं की भाऊ पोरांना घेऊन तपासायला जाणार नाही, आणि दोन महिन्यांनी खरं कळलं तर पुढं तुमच्या कुठल्याच मेसेजवर विश्वास ठेवणार नाही. कमी सांगा, पण जे सांगाल त्यात बदल करू नका. मामालाही हाच नियम.

आता मेसेज

भावासाठी:

> दादा, महिनाभर खोकला जात नव्हता म्हणून तपासलं. फुफ्फुसाचा टीबी निघालाय. नेहमीच्या औषधांनी बरा होणारा आहे. गोळ्या आजपासून सुरू झाल्या, 6 महिने घ्यायच्या आहेत. ॲडमिट नाही, घरीच आहे. तू सुट्टी काढून यायची गरज नाही.
>
> तुझ्याकडं एक काम आहे. गणपतीत तुम्ही चौघं इथं राहिलाय, म्हणून चौघांची तपासणी करायची आहे. शनिवारच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि ‘भावाला फुफ्फुसाचा टीबी आहे, आम्ही त्याच्याबरोबर राहिलोय’ एवढं सांग. धाकट्याला आधी दाखव. काही होत नसलं तरी जायचं.
>
> वहिनींना तू सांग. आई-आप्पांना मी सांगितलंय. बाकी कुणाला सांगायचं ते मी बघतो, तोवर तुमच्यातच ठेवा. रात्री आठनंतर फोन कर, बोलू.

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगते. ‘ॲडमिट नाही’ हे मुद्दाम घातलंय, कारण ‘सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात गेला होता’ एवढंच कानावर गेलं की ऐकणारा माणूस खाटेवर पडला असंच धरतो. टीबीची औषधं बहुतेकांना घरी राहूनच घ्यायची असतात. ‘सुट्टी काढून यायची गरज नाही’ हे नसेल तर भाऊ रात्रीच्या गाडीनं निघेल. तपासणीसाठी वार दिलाय. ‘एकदा तपासून घे’ असं लिहिलं तर ते दिवाळीनंतरवर जातं. धाकट्याला आधी म्हणण्याचं कारण असं की 5 वर्षांच्या आतल्या मुलांना टीबी लवकर होतो आणि वेगानं वाढतो. बीसीजीची लस टोचलेली असली तरी तपासणी चुकत नाही. आजार नाही हे नक्की झालं की अशा मुलांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात, आणि आता घरातल्या मोठ्यांनाही ते दिलं जातं. हे सगळं भावाला लिहायचं का? नको. त्याला दवाखान्यापर्यंत पोचवणं हे मेसेजचं काम. पुढचं दवाखाना सांगेल.

शेवटी वेळ दिली आहे, रात्री आठनंतर. तोवर त्याला दोनदा वाचायला सवड मिळते, आणि तुम्हालाही दिवसभर फोन वाजण्याची धास्ती राहत नाही.

बहिणीची गोष्ट नाजूक आहे. सासरी फोन टेबलावर पडलेला असतो, मेसेज आला की पहिली ओळ उघड दिसते, कधी नणंद वाचते. म्हणून तिला आजाराचं नाव लेखी न पाठवता आधी एवढंच: ‘ताई, दिवाळीचं बोलायचं होतं. निवांत झालीस की फोन कर.’ फोनवर नाव सांगा, आणि सासरी सांगायचं की नाही हे तिच्यावर सोडा. मग मागाहून लेखी:

> ताई, बोललो तसं गोळ्या चालू आहेत. तुला तपासणीची गरज नाही, पण तुला किंवा बाळाला खोकला, ताप राहिला तर दाखवून घे. भाऊबीजेला ये. तोवर चार आठवडे झालेले असतील, तरी आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून तुला नक्की कळवतो.

औषध लागू पडत असेल तर पहिल्या दोनेक आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. पण दीड वर्षाच्या बाळाचा प्रश्न असल्यावर ‘नक्की ये’ असं डॉक्टरांना न विचारता लिहिणं बरं नाही, म्हणून शेवटचं वाक्य.

मामासाठी आणि फॅमिली ग्रुपसाठी नाव न घेता:

> मामा, तब्येतीचे उपचार सुरू आहेत, औषध काही महिने चालेल. घरीच आहे, जेवणखाण व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी सध्या विश्रांती सांगितली आहे, म्हणून भेटायला दिवाळीनंतर या. मी फोन करतो.

भेटीची ओळ नसेल तर हा मेसेज अपुरा आहे. आपल्याकडं आजारी माणसाला ‘बघायला’ जायची पद्धत आहे, आणि ती मायेचीच आहे. पण सुरुवातीच्या त्या दोन आठवड्यांत बंद खोलीत सात-आठ माणसं दाटीनं बसणं हे टीबीत नेमकं टाळायचं असतं. ‘येऊ नका’ म्हटलं तर माणूस दुखावतो, ‘दिवाळीनंतर या’ म्हटलं तर नाही. ग्रुपवर टाकायचं असेल तर भावाशी आणि बहिणीशी बोलणं झाल्यावरच टाका, नाहीतर त्यांना ग्रुपवरून कळल्याचं दुःख वेगळंच होतं.

घरातल्या भिंतीवरची चिठ्ठी

आई काय करेल हे बहुतेकांना माहीत असतं. ताट वेगळं काढेल, पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि थंडी बाधू नये म्हणून खिडकी लावून घेईल. यातलं पहिलं निरुपयोगी आहे आणि शेवटचं नुकसान करणारं. टीबी ताटावाटे, कपड्यांवाटे, हात लागल्यानं होत नाही, हवेतून होतो. बोलून हे विसरलं जातं, म्हणून दाराजवळ किंवा घरातल्यांच्या चौघांच्या ग्रुपवर तीन ओळी लिहून ठेवा: खिडक्या दिवसभर उघड्या. डॉक्टर सांगेपर्यंत मी मास्क लावणार आणि शक्य तितकं खिडकीजवळ झोपणार, मुलगी आजीजवळ झोपेल. ताट एकच, जेवायला मात्र मी जरा लांब बसेन.

आईला शुगर आहे, आणि शुगर असलेल्यांना टीबी होण्याचा धोका जास्त असतो. पण ‘तुला धोका आहे’ असं न म्हणता ‘तुझीही तपासणी माझ्याबरोबर करून येऊ, रिक्षा एकच लागेल’ म्हटलं तर ती उठून तयार होते.

पाठवल्यावर उत्तरं वाचा

मेसेज नीट गेला की नाही हे उत्तरांवरून कळतं. दोघांनी एकच प्रश्न विचारला तर ती माहिती मेसेजमध्ये राहून गेली आहे, एका ओळीत सगळ्यांना कळवा. भावानं लांबलचक धीर दिला पण तपासणीबद्दल चकार शब्द काढला नाही, तर काम बाकीच्या मजकुरात बुडालं. मग दुसऱ्या दिवशी फक्त तेवढंच पाठवा: ‘दादा, शनिवारी किती वाजता जाताय?’ रविवारी विचारा, काय सांगितलं.

कुणीतरी वैद्याचा पत्ता पाठवेल, कुणी काढ्याचा. वाद घालू नका: ‘या गोळ्यांबरोबर दुसरं काही घ्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारून घेईन.’ कुणी अंडी, मटणाचा रस्सा पाठवतो म्हणालं तर जरूर घ्या, वजन भरून यायला हवंच आहे. आणि तिसऱ्या यादीतल्या कुणी थेट विचारलं, ‘टीबी आहे का रे?’ तर खोटं ‘नाही’ म्हणू नका. सांगावंसं वाटलं तर ‘हो, औषध चालू आहे’; नाही वाटलं तर ‘तब्येतीचं भेटल्यावर बोलू’. हे वाक्य आधीच ठरवून ठेवा, कारण प्रश्न बेसावध असतानाच येतो. बायकोला आणि आप्पांनाही तेच सांगून ठेवा. दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली की गावाला तिसरंच कळतं.

नव्या शंका आल्या, भावाच्या घरच्या काही विचारायच्या असतील, तर 1800-11-6666 हा निक्षय संपर्क या सरकारी टीबी हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. तो भावाला दिला तर त्याचे वैद्यकीय प्रश्न तुमच्यावर येत नाहीत.

पुढचे मेसेज

एकदा सांगून गप्प बसलात तर घरचे मनानं काहीही धरतात. पण रोजचं वजन, रोजचा ताप कळवू नका. एखाद्या दिवशी कळवलं नाही की तिकडं जीव टांगणीला लागतो. तीनदा कळवा: दोन आठवड्यांनी, 2 महिने पूर्ण होताना बेडका पुन्हा तपासतात त्याचा निकाल आल्यावर, आणि कोर्स संपल्यावर.

दोन महिन्यांच्या मेसेजमध्ये एक अडचण येते. तोवर खोकला गेलेला असतो, भूक लागते, आणि निकाल चांगला आला की घरचेच म्हणतात, ‘झालास की बरा, आता कशाला एवढ्या गोळ्या.’ मधेच थांबवलं तर आजार उलटतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणून निकालाच्या त्याच मेसेजमध्ये पुढची मुदत लिहा:

> दादा, बेडका आज तपासला, त्यात जंतू दिसले नाहीत. म्हणजे औषध लागू पडतंय. गोळ्या अजून 4 महिने आहेत, त्या पूर्ण करणार. धाकट्याचं औषध चालू आहे ना? त्याचंही मधे थांबवू नका.